पहिल्या ईमेलमधल्या कोणत्या ओळी ठेवल्या, कोणत्या कापल्या? तुमचे अनुभव सांगा

शिवणीखालचा_नंबर (हिंगणघाट)

मी पाकिटांची, लेबलांची डिझाइनं करते, एकटीच, घरून. ओळख नसलेल्या छोट्या उद्योजकाला पहिलं ईमेल लिहिताना तुम्ही काय ठेवता आणि काय काढता, ते ऐकायचंय. आधी माझं सांगते.

गिरडला एका किराणा दुकानातून समुद्रपूर तालुक्यातल्याच एका घरगुती उद्योगाची हळद घेतली. २०० ग्रॅमचं पाकीट. हळद छान होती, पुन्हा मागवावी म्हणून पाकीट उलटवलं, तर मोबाइल नंबरचे शेवटचे तीन आकडे मागच्या उभ्या शिवणीखाली दबलेले. ईमेलचा पत्ता मात्र बाजूला असल्यामुळे पूर्ण वाचता येत होता.

पहिला मसुदा मी माझ्या नेहमीच्या साच्यातच लिहिला. "आपण कुशल असाल अशी आशा करते. मी सहा वर्षांपासून फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर म्हणून कार्यरत असून लोगो, ब्रोशर, वेबसाइट, सोशल मीडिया ही सर्व कामे करते. आजच्या स्पर्धेच्या युगात आकर्षक ब्रँडिंग अत्यंत आवश्यक आहे. सोबत माझ्या कामाचे नमुने जोडले आहेत. कृपया एक संधी द्यावी." सोबत ११ एमबीची पीडीएफ. असलं ईमेल आधी पंचवीसेक जणांना गेलं होतं. एकाने "रेट?" एवढंच विचारलं, बाकी सगळे गप्प.

या वेळी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हीच ओळ शेजारच्या तेलघाण्यालाही पाठवता येईल का? येत असेल तर काढायची. कुशल गेलं, स्पर्धेचं युग गेलं, सहा वर्षं गेली, पीडीएफ गेली. उरलं ते असं:

> विषय: हळदीच्या पाकिटावरचा फोन नंबर शिवणीखाली गेलाय
>
> नमस्कार,
> गिरडला तुमचं २०० ग्रॅमचं पाकीट घेतलं. पुन्हा मागवायचं होतं, पण मोबाइलचे शेवटचे तीन आकडे मागच्या शिवणीखाली दबलेत. फोटो खाली आहे.
> नंबर काळ्या शाईत आहे, त्यामुळे बहुधा फक्त काळ्या रंगाचा सिलिंडर बदलावा लागेल. पूर्ण पाकीट नव्याने करायची गरज नाही.
> मी हिंगणघाटला पॅकेजिंगचं डिझाइन करते. मागची बाजू दुरुस्त करून छापखान्याला द्यायची फाइल १,५०० रुपयांत करून देईन.
> पुढची छपाई कधी आहे?

खाली नाव आणि मोबाइल. फोटो लहान करून मजकुरातच लावला, म्हणजे काही उघडावं लागू नये. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या प्रश्नावर गेला. आधी "आपण भेटू शकतो का?" लिहिलं होतं. त्यावर माणूस विचारात पडतो आणि उत्तर उद्यावर जातं. छपाई कधी आहे, हे त्याला आत्ता माहीत असतं, लगेच सांगता येतं.

तिसऱ्या दिवशी रात्री आठला फोन आला. "ताई, दीड क्विंटल छापलेला रोल पडून आहे, तो संपल्याशिवाय नवीन छापत नाही. तोवर काय करायचं?"

---

छापखान्यातला (नागपूर)

ताई, तुमच्या ईमेलात "बहुधा" हा शब्द फार मोलाचा आहे. तो कापू नका. पाकिटाच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर असतो, त्यामुळे निखळ काळ्या शाईतली अक्षरं बदलायला एकच सिलिंडर पुरतो, हे बरोबर. पण तोच नंबर हिरव्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत असता, तर पट्टा ज्या ज्या रंगांतून बनलाय ते सगळे सिलिंडर नव्याने करावे लागले असते. शिवणीजवळ किंवा काठाला बारीक रंगीत चौकोन दिसतात, त्यावरून किती रंग आहेत ते कळतं. भिंगातून अक्षराच्या कडा बघा. दुसऱ्या रंगाची झाक दिसली तर अक्षर एका रंगाचं नाही. मालकाला "एकच सिलिंडर" म्हणून सांगितलं आणि छापखान्याने चार सांगितले, तर तुमच्यावरचा विश्वास तिथंच संपतो.

आणि फाइल करण्याआधी त्यांच्या छापखान्याकडून पाकिटाचा आराखडा मागवा. शिवण कुठून कुठे, किती रुंद, हे त्यात असतं. पाकीट मोजून अंदाजाने काढलेली फाइल पुन्हा तिथंच चुकते.

---

वर्धेचा_अक्षरकार

मुद्दा लांबीचा आहे हे मी आधीच ओळखलं होतं. मी दोन ओळींचंच ईमेल पाठवतो. एका पापड उद्योगाला लिहिलं: "तुमचं लेबल जुनाट वाटतं. बदलायचं का?" उत्तर आलं, पण कडक शब्दांत. ते लेबल त्यांच्या मुलीने काढलेलं होतं.

> शिवणीखालचा_नंबर: दादा, तुमचं ईमेल माझ्यापेक्षा छोटं आहे, पण "जुनाट" हे तुमचं मत झालं. दबलेले आकडे मालक स्वतः पाकीट उलटवून बघू शकतो, त्यावर वाद होत नाही. आणि ती चूक कोणाची, हे मी मुद्दाम लिहिलं नाही. घरातल्याच कोणी केली असेल, ही शक्यता होतीच.

---

संत्राबागवाला (वरूड)

मले वाटलं मेल कसा उघडायचा, त्याचा धागा हाय. तरी सांगतो, आमच्या पेटीवर बी मेल हाय, पोरानं बनवून देल्ला, मी रातच्याले जेवण झाल्यावर मोबाइलवर पायतो. बँकेचे न् जीएसटीचे मेल सोडून बाकी नाव पाहूनच सरकवतो. लिंक असली त हातच लावत नाही, गावातल्या एकाचे पैसे गेले तसे. पण "तुमच्या पेटीवर अमुक चुकलं" असं वरतीच दिसलं असतं त उघडला असता, खरं सांगतो. बाई, संत्र्याच्या पेटीचं स्टिकर तुम्ही करता का? आंबिया बहाराच्या आधी पायजे.

> शिवणीखालचा_नंबर: काका, करते. सध्याच्या पेटीचा फोटो, आणि स्टिकर खरड्यावर लागणार की लाकडावर, ते कळवा.

---

चंद्रपूरकर_प

पहिल्याच ईमेलात रक्कम लिहिणं मला पटत नाही. मी एकदा ३,००० लिहिले होते. समोरचा तिथूनच खाली उतरत गेला आणि शेवटी काम १,२०० मध्ये झालं. आधी बोलणं होऊ द्यावं, मग आकडा.

> शिवणीखालचा_नंबर: लोगोसारख्या मोठ्या कामाला मीही लिहिणार नाही, कारण काम किती हेच तेव्हा ठरलेलं नसतं. इथे काम एका बाजूचं, ठरलेलं होतं. आकडा नसता तर त्यांना पूर्ण पाकिटाच्या खर्चाची भीती वाटली असती. पण तुमच्यासारखा अनुभव मला उद्या आला, तर माझंही मत बदलेल.

---

पुसदची_नेहा

उत्तर आलं नाही तर दुसरं ईमेल? मी "आठवण करून देते" असं लिहायचे, त्याला कधीच उत्तर आलं नाही. आता सहा दिवसांनी त्याच ईमेलला जोडून एखादी नवी गोष्ट पाठवते, म्हणजे चूक दुरुस्त केली तर कसं दिसेल त्याचं छोटं चित्र. मसाल्याच्या एका ताईंनी त्यावर उत्तर दिलं. तिसरं ईमेल मात्र पाठवत नाही. पण एवढं फुकट काढून द्यावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकाने तेच चित्र उचलून दुसऱ्याकडून छापून घेतलं.

---

छापखान्यातला (नागपूर)

त्या दीड क्विंटल रोलचं काय केलंत?

> शिवणीखालचा_नंबर: समोरच्या बाजूला खाली मोकळी जागा होती, तिथे नंबराचा गोल स्टिकर. तो भरताना हातानेच लावतात. स्टिकरच्या फाइलचे ४०० घेतले. मागच्या बाजूचं काम नवी हळद आल्यावर, एप्रिलमध्ये. छापखान्याचा आराखडा आजच मागवते.