पगाराआधी पंचचा लॉग तपासताना पहिला आणि शेवटचा पंच बघणं पुरेसं आहे का?

नवीन_पेरोल
प्रेस शॉप आहे, तीन शिफ्ट, तीनेकशे माणसं. कट-ऑफ २५ तारखेला. मशीनचा लॉग एक्सेलमध्ये काढते, `Remove Duplicates` मारते आणि तारखेप्रमाणे प्रत्येकाचा पहिला पंच इन, शेवटचा पंच आउट धरते. दिवसात एकच पंच दिसला तर मिसपंच. साहेब म्हणतात एवढं बास. पण पगार झाल्यावर दर महिन्याला लोक स्लिप घेऊन येतात. एवढी तपासणी खरंच पुरते का?

जनरल_शिफ्ट
पुरते. मी कित्येक वर्षं असंच करतोय. माणसाने सकाळी दोनदा अंगठा लावला काय किंवा चारदा, पहिला पंच तोच राहतो. संध्याकाळचंही तसंच. मग डबल पंच शोधण्यात वेळ कशाला घालवायचा? ७ तारखेच्या आत पगार खात्यात गेला पाहिजे, मधे बँकेची फाइल, पीएफ, ईएसआय सगळं असतं. एकच पंच असलेल्यांची यादी सुपरवायझरकडे पाठवा, मिसपंच फॉर्म मागवा आणि पुढे चला. तक्रारी कुठेही येतातच.

टाइमऑफिस_चाकण
जनरल शिफ्टला हे चालतं, कारण तिथे दिवस रात्री बारानंतर कुणाचा उरतच नाही. ताई, तुमच्याकडे तीन शिफ्ट आहेत आणि तिथे हीच पद्धत चुकीचे आकडे बरोबर असल्यासारखे दाखवते. तुमच्या दुसऱ्या शिफ्टचा एक माणूस घेऊन आठवडाभर चालून बघू. शिफ्ट १५:३० ते २४:००, रविवार सुट्टी.

सोमवारी तो १५:२२ ला आला, १५:३० ला कामाला लागला, सुटून ००:०८ ला गेटवर पंच केला. तो ००:०८ लॉगमध्ये मंगळवारचा आहे. मंगळवारी परत १५:२५ ला आला. आता तारखेप्रमाणे बघा: सोमवारी एकच पंच, म्हणजे तुमच्या यादीत मिसपंच. मंगळवारी दोन पंच, ००:०८ आणि १५:२५. पहिला आणि शेवटचा घेतला तर १५ तास १७ मिनिटं काम! साडेआठ तासांची शिफ्ट वजा केली तरी पावणेसात तासांहून जास्त ओटी, तोही दुप्पट दराने. आणि शनिवारचा आउट रविवारी ००:०६ ला पडतो, म्हणजे सुट्टीच्या दिवशी हजर. कुणीतरी त्यावर कंपऑफ मागणार.

आता खरा मिसपंच बघा. गुरुवारी रात्री तो आउट करायला विसरला. तारखेप्रमाणे गुरुवारी दोन पंच दिसतात, बुधवारच्या रात्रीचा ००:०७ आणि दुपारचा १५:२४. सम आकडा, सगळं ठीक. शुक्रवारी मात्र फक्त १५:२६ आहे. तुम्ही फॉर्म मागवता शुक्रवारचा. सुपरवायझर सांगतो, शुक्रवारी तो वेळेवर गेला, मी स्वतः बघितलं. दोघंही खरं बोलताय आणि गुरुवार तसाच राहतो. तुमच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथून येत असणार.

नवीन_पेरोल
शुक्रवारचं असंच झालंय, अगदी असंच! फॉर्म येतो आणि त्यावर "पंच केला होता" असं लिहिलेलं असतं. मग सगळ्यांच्या वेळेतून सहा तास वजा करून तारीख काढली तर?

टाइमऑफिस_चाकण
दुसऱ्या शिफ्टला सहा तास बरोबर बसतात. तिसरीला नाही. तिसरीचा माणूस २३:५० ला येतो आणि ०७:०६ ला जातो. सहा तास वजा केले तर इन आजच्या तारखेत राहतो, आउट उद्याच्या ०१:०६ वर जातो, जोडी फुटते. त्याला बारा तास वजा करावे लागतात. आणि पहिल्या शिफ्टला बारा वजा केले तर सकाळचा ०६:५० आदल्या दिवशी जाऊन पडतो. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात सगळ्यांना लागू होईल अशी एकच वेळ नाही. म्हणून शिफ्ट रोस्टरमधून घ्या. पहिलीला ०, दुसरीला ६, तिसरीला १२.

A कोड, B पंचची वेळ, C मशीन, D वजा करायचे तास. पंच तिसऱ्या ओळीपासून लिहा, दुसरी ओळ रिकामी ठेवा. आधी A आणि मग B वर सॉर्ट करा. मग E मध्ये डबल पंचची खूण, F मध्ये शिफ्टची तारीख, G मध्ये उरलेल्या पंचांची मोजणी:

```
E3: =IF(AND(A3=A2,(B3-B2)*1440<2),"D","")
F3: =INT(B3-D3/24)
G3: =COUNTIFS(A:A,A3,F:F,F3,E:E,"<>D")
```

G विषम आला की ती ओळ बघायची. दोन गोष्टी सांभाळा. रोस्टरमध्ये रविवारच्या रकान्यात "सुट्टी" लिहून D रिकामा ठेवू नका, त्या आठवड्याचीच शिफ्ट राहू द्या, नाहीतर शनिवारचा आउट रविवारीच अडकतो. आणि कट-ऑफ २५ असला तरी लॉग २६ तारखेच्या दुपारपर्यंतचा काढा. शेवटच्या रात्रीचे आउट तिथे असतात.

जनरल_शिफ्ट
शिफ्टच्या तारखेचं पटलं, ते मी लक्षात घेतलं नव्हतं. पण तारीख नीट लावली की पहिला-शेवटचा पुरेसाच आहे ना? डबल पंचचा E कॉलम तरीही कशाला?

टाइमऑफिस_चाकण
कारण डबल पंच मिसपंचला झाकतो. गुरुवारीच परत जाऊ. समजा, त्या दुपारी मशीन बोललं नाही असं त्याला वाटलं, म्हणून त्याने १५:२४:१० ला आणि १५:२४:१४ ला, दोनदा अंगठा लावला. रात्री आउट नाही. शिफ्टच्या तारखेत दोन पंच झाले. सम आहेत, म्हणून यादीत नाव येत नाही. तुमचा पहिला-शेवटचा घेतला तर काम चार सेकंद, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये किमान तास भरले नाहीत म्हणून थेट गैरहजर. माणूस पूर्ण शिफ्ट उभा होता आणि कागदावर आलाच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी डबलवर खूण, नंतर मोजणी.

`Remove Duplicates` ला हा डबल दिसत नाही, कारण सेकंद वेगळे आहेत. तो फक्त लॉग दोनदा डाउनलोड झाला असेल तर कामाचा, आणि तेव्हाही फक्त कोड, वेळ आणि मशीन हे तीनच कॉलम निवडा. क्रमांकाचा कॉलम निवडलात तर प्रत्येक ओळ वेगळीच दिसते.

फाउंड्री_कोल्हापूर
हे सगळं अंगठ्याच्या मशीनमुळे होतं. आमच्याकडे वाळू, ग्रीस, हाताची कातडी घासलेली, ठसा घेतच नव्हतं. चेहऱ्याचं मशीन बसवलं. ते बसवा, एक्सेलची गरजच राहणार नाही.

टाइमऑफिस_चाकण
दादा, मशीन बदलण्याचा प्रश्न नाहीये, हातात आलेला लॉग तपासायचा आहे. पण तुमच्या बोलण्यात कामाचं एक आहे. न जुळलेला ठसा हजेरीच्या लॉगमध्ये सहसा येतच नाही. म्हणजे माणूस खरंच अंगठा लावून गेलेला असतो आणि आपल्याला तो विसरला असं दिसतं. एकाच कोडचे मिसपंच महिन्यात वारंवार आले, तर मेमो देण्याआधी त्याचा ठसा परत नोंदवून बघावा. आणि चेहऱ्याच्या मशीनसमोरून माणूस रेंगाळत गेला तरी डबल पंच पडतातच.

कंत्राटी_वेल्डर
माझं सांगतो. मी कंत्राटदाराकडून एका कारखान्यात होतो. एका महिन्यात तीन दिवस कापले. विचारलं तर म्हणाले आउट नाही. अरे, पण इन आहे ना? मी आत आलो, जेवणाचं कूपन घेतलं, वेल्डिंगच्या शीटवर माझा नंबर आहे, मग बाहेर न जाता मी गेलो कुठे? कंत्राटदार म्हणतो कंपनीला विचार, कंपनी म्हणते कंत्राटदाराला. पैसे मिळालेच नाहीत. तुम्ही सगळे सम-विषम बोलताय, पण विषम निघाल्यावर पैसे कापायचे की द्यायचे ते बोला.

जनरल_शिफ्ट
दादा, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण फॉर्म न येताच पूर्ण दिवस द्यायला लागलो, तर आउट कुणी करणारच नाही. तासभर आधी निघून जाणारेही आहेत. नियम असा हवा: फॉर्म येईपर्यंत थांबवायचं, आला की पुढच्या पगारात द्यायचं.

टाइमऑफिस_चाकण
इथे मी तुमच्याशी सहमत नाही. एक पंच हा माणूस आल्याचा पुरावा आहे. तो किती वाजता गेला एवढंच आपल्याला माहीत नाही. न केलेल्या कामाचे पैसे कापता येतात, पण काम केलं नाही हे आधी दिसलं पाहिजे. पुढच्या महिन्यात देऊ म्हणणं सोपं आहे, त्या माणसाचा हप्ता मात्र याच महिन्यात असतो. मी कट-ऑफला विषम ओळी काढल्या की सुपरवायझरच्या आधी उत्पादनाची शीट, कॅन्टीनचं कूपन आणि गेटचं रजिस्टर बघते. तिथे नाव सापडलं की शिफ्टच्या वेळेपर्यंत पूर्ण दिवस, ओटी मात्र फॉर्म आल्यावर. आणि मूळ लॉगमधली ओळ कधीच बदलत नाही, दुरुस्ती शेजारच्या कॉलममध्ये कारणासह लिहिते. महिन्याच्या शेवटी सगळं एकदम काढण्यापेक्षा दर सोमवारी मागच्या आठवड्याचं काढलं तर सुपरवायझरला आठवतही असतं.

जनरल_शिफ्ट
शीट बघून द्यायचं हे चालेल. पण ज्यांची शीटच नसते, हेल्पर, हाउसकीपिंग, त्यांचं काय? तिथे माझाच नियम राहील.

कंत्राटी_वेल्डर
म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याचेच पैसे अडकणार.

नवीन_पेरोल
मागच्या महिन्याचा लॉग या फॉर्म्युल्यांनी चालवला. F मध्ये शेकडो ओळींना `#VALUE!` आलं. आणि ००४७ कोड असलेल्या माणसाचे अर्धे पंच ४७ म्हणून वेगळेच आलेत.

टाइमऑफिस_चाकण
B मधली वेळ मजकूर म्हणून आली आहे. `=ISNUMBER(B3)` खाली ओढून बघा. पण ज्या ओळींना एरर आला नाही त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. कॉम्प्युटरची सेटिंग महिना-आधी असेल तर ०५/०९ हे ५ सप्टेंबरऐवजी ९ मे होतं, आणि १३ तारखेपासून पुढचं मजकूर राहतं. म्हणून एरर फक्त १३ आणि पुढच्या तारखांना असतील तर हेच झालंय. फाइल डबल क्लिकने उघडू नका, `Data` मधून `From Text/CSV` ने आणा, `Transform Data` मध्ये आपोआप आलेली `Changed Type` पायरी काढा, मग कोडला `Text` आणि वेळेला `Using Locale` मधून `Date/Time` आणि `English (India)` द्या. शून्यही तिथेच वाचतील.

फाउंड्री_कोल्हापूर
डबल पंच ओळखायला दोन मिनिटं कमी नाहीत का? आमच्याकडे दहा ठेवलीत.

टाइमऑफिस_चाकण
चहाला बाहेर जाताना पंच होत असेल तर दहा मिनिटांत खरे पंच खाल्ले जातील. चहाचा पंच नसेल तर पाच चालतील, त्यापुढे मी जाणार नाही. माझी अडचण दुसरीकडेच आहे. दुसरी शिफ्ट संपवून तिसरीला थांबणारा ००:०१ ला आउट आणि ००:०२ ला इन करतो. माझा फॉर्म्युला त्या इनवर D मारतो. पंच विषम राहतात म्हणून ओळ डोळ्यांसमोर येते खरी, पण रोस्टरला ही डबल शिफ्ट माहीतच नसते. अशी माणसं मी अजून हातानेच सोडवते. कुणी रोस्टरशिवाय नीट जमवलं असेल तर सांगा.