मदत हवी आहे: बाबांच्या दुकानाचं इन्स्टाग्राम, लाइक भरपूर पण गिऱ्हाईक नाही

चप्पलवाली
आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. बाबा तयारच नव्हते, "दुकान काय फोनमधून चालतं का?" असं म्हणायचे. शेवटी खूप मागे लागून त्यांना राजी केलं आणि इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट काढलं. सुरुवातीला फॉलोअर्स हवेत म्हणून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आणि झाडून सगळे नातेवाईक जोडले. मग नव्या सँडल्सची पोस्ट थोडे पैसे भरून बूस्ट केली. उद्देश 'प्रोफाइलला भेट' ठेवला आणि प्रेक्षक ऑटोमॅटिक. लाइक्सचा पाऊस पडला, पण दुकानात कोणी फिरकलं नाही. इनसाइट्समध्ये पाहिलं तर निम्म्याहून जास्त लोक भलत्याच शहरांतले. बाबा आता म्हणतात, लाइकने गल्ला भरत नाही, बंद कर. बूस्ट करणंच चूक आहे, की माझं काही चुकतंय?

सडाफटिंग
बिझनेस अकाउंट केलंत तिथेच माशी शिंकली. बिझनेसवाल्यांची पोस्ट ते मुद्दाम दाबतात, म्हणजे आपण पैसे भरावेत. परत पर्सनल करा.

जुनाखेळाडू
सडाफटिंग, दाबतात याला काही पुरावा नाही. बिझनेस अकाउंटला बरीचशी फिल्मी गाणी वापरता येत नाहीत, त्यामुळे रील्स फिक्या पडतात, एवढं मात्र खरं. पण पर्सनल केलं तर इनसाइट्सही जातील आणि बूस्टही.

चप्पलवाली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. प्रेक्षक ऑटोमॅटिक ठेवले की अ‍ॅप साधारण तुझ्या फॉलोअर्ससारखी माणसं शोधतं. आणि फॉलोअर्स कोण? गावोगावी पांगलेल्या मैत्रिणी आणि नातेवाईक. म्हणजे जाहिरात त्यांच्यासारख्यांना गेली. शिवाय 'प्रोफाइलला भेट' मागितलीस, तर प्रोफाइल उघडून बघणारेच मिळणार. अ‍ॅपने सांगितलेलं काम चोख केलंय.

पुढच्या वेळी प्रेक्षक स्वतः ठरव. ठिकाणात लोकल निवडून दुकानाभोवती, जिथून माणूस चपला घ्यायला खरंच येईल, तेवढंच अंतर ठेव. उद्देश 'मेसेज' ठेव. मेसेज करणाऱ्याला निदान काहीतरी विचारायचं असतं. आणि पैसे भरण्याआधी प्रोफाइलवर पत्ता, वेळ आणि सुट्टीचा वार आहे ना ते बघ.

हिरवीपाटी
तुम्ही सरळ वेबसाइट काढून देशभर विका ना. मग कुठल्याही शहरातले लाइक चालतील.

चप्पलवाली
हिरवीपाटी, चपला परत येण्याचं प्रमाण बाबांना पक्कं माहीत आहे. दुकानात माणूस एकेका डिझाइनचे दोन-तीन नंबर घालून बघतो. घरपोच पाठवायचं तर अर्धे जोड परत. तो विषय आमच्याकडे बंद आहे.

जुनाखेळाडू, मेसेज आले तरी एक अडचण आहेच. लोक विचारतात "सातमध्ये आहे का?" मी क्लासमध्ये असते, बाबा दुकान बंद करून रात्री फोन बघतात, तोवर समोरचा गप्प.

जुनाखेळाडू
मग ज्या दिवशी फोन बघायला कोणी नसेल, त्या दिवशी बूस्ट चालवूच नको. आणि शिल्लक नंबर पोस्टमध्येच लिही: "५, ६, ८ उपलब्ध". नंबर संपला की कॅप्शन बदलायची. हे कंटाळवाणं काम बाबाच नीट करतील, कारण कपाटात काय उरलंय ते त्यांना तोंडपाठ असणार.

उपयोग झाला की नाही हे इनसाइट्स सांगणार नाहीत. गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि प्रत्येकाला "आमच्याबद्दल कुठे कळलं?" विचारून एक रेघ मारा. बाबांना पटेल असा हिशोब तोच.

सुमनमावशी
थोडं अवांतर. माझ्या भावाच्या पेजवर मेसेज आला होता, "तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, लिंक उघडून खातं पडताळा, नाहीतर बंद होईल." घाबरून पासवर्ड टाकला आणि पेज गेलं. बाबांना आधीच सांगून ठेव गं. दोन टप्प्यांचं लॉगिनही चालू कर.

सडाफटिंग
बूस्ट करूच नका हे माझं मत कायम आहे. दुकान गूगल मॅपवर नीट टाका. चपलांचं दुकान शोधणारा माणूस तिथे शोधतो, इन्स्टावर नाही.

जुनाखेळाडू
मॅपचं म्हणणं पटतं, ते फुकटही आहे. पण मॅपवर येतो तो ज्याला आजच चप्पल हवी आहे. नवीन डिझाइन बघून ज्याच्या मनात येईल, तो तिथे सापडत नाही. दोन्ही करावं.

चप्पलवाली
मॅपवर आज नाव टाकलं, पडताळणी व्हायची आहे. वहीचं ऐकून बाबा लगेच तयार झाले, स्वतःच रकाने आखले. एक मात्र सुचवा: वहीत इन्स्टाच्या किती रेघा आल्या तर पुन्हा बूस्टवर पैसे घालावेत? बाबा म्हणतात, जाहिरातीचा खर्च नफ्यातून निघाला पाहिजे, विक्रीतून नव्हे. माझं म्हणणं, पहिल्या खेपेला तेवढी अपेक्षा जास्त आहे, कारण तेच गिऱ्हाईक पुढेही येईल.

जुनाखेळाडू
यात मी बाबांच्या बाजूने.

सुमनमावशी
मी मुलीच्या.