मायक्रोवेव्हची फिरती प्लेट नुसत्या फोटोवरून मागवावी का?

विश्रामबागची सून: सासूबाईंच्या जुन्या मायक्रोवेव्हची काचेची प्लेट सिंकमध्ये पडून फुटली. तीन तुकडे झाले, त्यातला मोठा कालच घंटागाडीत गेला. मागचं स्टिकर पुसून पुसून कोरं झालंय. समोरून काढलेला फोटो टाकलाय, एवढ्यावरून मॉडेल ओळखून प्लेट ऑनलाइन मागवता येईल का? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

मिरजकर: येते की, न यायला काय झालं. मी फोटो सर्चमध्ये टाकला तर सेम टू सेम ओव्हन आला, वीस लिटरचा, आणि त्याच्या खाली प्लेट पण दाखवतंय साडेचोवीस सेंटीमीटरची. मागवून टाका, उगाच दुकानं पालथी घालत कशाला बसायचं.

रिपेअरवाला, गणपती पेठ: ताई, मागवू नका. फोटो सर्चला दरवाजा, हँडल आणि बटणं दिसतात, आणि तोच दरवाजा तीच बटणं कंपनी वीस लिटरलाही लावते आणि अठ्ठावीसलाही. समोरून काढलेल्या फोटोत ओव्हन केवढा आहे तेच कळत नाही, कारण शेजारी मापाची काही वस्तू नाही. आणि समजा शेजारी दहाचं नाणं ठेवलं, ते सत्तावीस मिलिमीटरचं असतं, तरी नाणं पुढं आणि प्लेट चार बोटं मागं असली की मोबाईलचा कॅमेरा पुढचं मोठं दाखवतो आणि सगळा हिशोब चुकतो. मला फोटो पाठवायचाच तर समोरचा नको, तीन फोटो पाठवा: दरवाजा उघडून आतल्या कडेचा, कारण काही ओव्हनला दुसरं स्टिकर तिथं असतं, मग बरोबर वरून काढलेला मधल्या कपलरचा, म्हणजे प्लेटला फिरवणाऱ्या तुकड्याचा, आणि उरलेल्या काचेच्या खालच्या बाजूचा.

साताऱ्याचा गडी: एवढं कशाला बगायचं राव, प्लेट नसली तरी गरम हुतंय की. आमच्या रूमवर सा महिनं तसाच चालवला, डबा थेट खाली ठिवायचा.

रिपेअरवाला, गणपती पेठ: गरम होतं पण एका बाजूला उकळतं आणि मध्ये गार राहतं, ते तुम्हीपण बघितलं असेल. दुसरं म्हणजे सांडलेलं थेट कपलरच्या भोकातून खाली मोटरवर उतरतं, तशा मोटरी मी बदलल्यात. प्लेट येईपर्यंत न चालवलेलं बरं.

कृष्णाकाठची: माझा प्रश्न मध्येच घुसवते, माझ्या एअर फ्रायरच्या खालच्या जाळीचं असंच झालंय, फोटोवरून मागवली आणि ती भांड्यात वरच अडकून बसली, आता परत पण घेत नाहीत.

रिपेअरवाला, गणपती पेठ: फ्रायरचं भांडं वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, तुम्ही वरचं माप दिलं असणार. जाळी जिथं टेकते तिथलं आतलं माप घ्यायचं, आणि जाळीच्या कोपऱ्यांना रबराची बुटं असतात ती धरून.

विश्रामबागची सून: दरवाजाच्या कडेला स्टिकर नाही. उरलेल्यातला एक तुकडा कडेचा आहे आणि एक मधला, त्याच्या खाली तीन उंचवटे आहेत. काचेतच काही अक्षरं उठलीयत पण वाचता येत नाहीत.

रिपेअरवाला, गणपती पेठ: मधला तुकडा राहिला हे फार चांगलं झालं. अक्षरांवर चिमूटभर हळद चोळा आणि बोटानं वरचेवर पुसा, खाचेत हळद राहते आणि अक्षर दिसतं. लांब नंबर दिसला तर तोच टाईप करून शोधा, DE74 नं सुरू झाला तर सॅमसंगचा पार्ट नंबर असतो. एकटाच आकडा असेल तर तो साच्याचा असतो, त्याच्या मागं लागू नका.

विश्रामबागची सून: हळद लावली. एकटाच 5 दिसतोय, बाकी काही नाही.

गणिताच्या बाई: मग कडेच्या तुकड्यावरून माप काढू. कागदावर तुकडा ठेवून बाहेरची गोल कड पेन्सिलीनं गिरवा. गिरवलेल्या रेषेची दोन टोकं सरळ जोडा, ती लांबी मोजा, आणि त्या सरळ रेषेच्या मधोमध कड किती वर फुगलीय ते मोजा.

विश्रामबागची सून: टोकं वीस सेंटीमीटर, फुगवटा बरोबर चार.

गणिताच्या बाई: वीस गुणिले वीस चारशे. फुगवट्याची आठपट बत्तीस, चारशेला बत्तीसनं भागले की साडेबारा. त्यात फुगवट्याचा निम्मा म्हणजे दोन मिळवा, साडेचौदा. ही त्रिज्या, म्हणजे प्लेट एकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास. पण फुगवटा मोजताना एक मिलिमीटर जास्त धरला, म्हणजे चार पूर्णांक एक, तर उत्तर साडेअठ्ठावीस येतं. त्यामुळे हे अंदाजाचं माप समजा, याच्यावर थेट ऑर्डर देऊ नका.

मिरजकर: म्हणजे साडेचोवीस चुकलंच, ते मान्य. पण बाई, एकोणतीस म्हटल्यावर आता फोटोशी जुळवून मागवता येईल ना? अठ्ठावीस लिटरच्या मॉडेलला बघा की, फोटो तोच आहे.

रिपेअरवाला, गणपती पेठ: दुकानात 28.4 आणि 28.8 अशा दोन्ही येतात, नुसत्या बघून वेगळ्या ओळखता येत नाहीत. चार मिलिमीटरच्या फरकानं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते खालच्या बाजूला. ताई, कपलरला तीन पाखं आहेत ना, ती प्लेटच्या तीन उंचवट्यांच्या मधल्या जागेत बसतात. उंचवटे जवळजवळ असले तर पाखं मध्ये जात नाहीत आणि प्लेट वर उचलून राहते, लांब असले तर पाखं नुसती घसरतात, भांडं जड झालं की कट्‌ कट्‌ आवाज येतो. आणि काचेच्या खालच्या ज्या गोल पट्ट्यावर रोलर रिंगची चाकं धावतात तो पट्टा रिंगच्या मापाचा पाहिजे. हे वरून काढलेल्या जाहिरातीच्या फोटोत कधी दिसत नाही. मधला तुकडा फडक्यात गुंडाळून, रिंग आणि कपलर बरोबर घेऊन दुकानात जा. कपलर वर ओढला की निघतो, त्याचं भोक एका बाजूनं चपटं असतं, परत लावताना ते जुळवा. आणि ओव्हनमध्ये कपलरच्या मध्यापासून सगळ्यात जवळची भिंत किती ते मोजून न्या.

विश्रामबागची सून: जाऊन आले. भिंत साडेपंधरा सेंटीमीटरवर आहे. दुकानात दोन प्लेट मिळाल्या, एकीचे उंचवटे जवळ होते, कपलरवर ठेवली की डुगडुगत होती. दुसरी 28.4 ची, ती बरोबर बसली, हातानं फिरवली तर कपलर बरोबर फिरला. घरी कपभर पाणी ठेवून दोन मिनिटं लावली, भिंतीला लागत नाही. फक्त एकदा उजवीकडून फिरते, पुढच्या वेळी डावीकडून. सासूबाई म्हणतात चुकीची आणली.

रिपेअरवाला, गणपती पेठ: नाही हो, ती मोटरच तशी असते, सुरू होताना कुठल्याही बाजूला निघते. त्यात प्लेटचा काही दोष नाही.

मिरजकर: माझं म्हणणं अजून तेच आहे. स्टिकर शाबूत असतं आणि त्याचा फोटो टाकला असता तर दुकानात जायचं कामच नव्हतं.

गणिताच्या बाई: स्टिकरचा फोटो आणि ओव्हनचा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मिरजकर. स्टिकरवरचं मॉडेल खात्रीचं असतं हे मलाही पटतं. पण जुन्या ओव्हनची प्लेट आधीच एकदा बदललेली असेल तर?

विश्रामबागची सून: आता विचारलं, सासूबाई म्हणाल्या एकदा बदलली होती खरी, शेजारच्यांनी कुठूनतरी आणून दिलेली. आणि एक राहिलंच, फिरताना दर फेऱ्याला एकदा बारीक ठक्‌ होतंय. रिंगचं एक चाक चपटं झाल्यासारखं दिसतंय, ते सुटं मिळतं का अख्खी रिंगच घ्यावी लागते?