खांबाचा फुगवटा आखला कसा?

> "एवढासा फुगवटा मुद्दाम कोण करेल? घडवताना नजरेच्या अंदाजाने आला असेल."

अंदाजाने नाही, प्राचीन ग्रीक मंदिरांच्या खांबांना मधे दिलेल्या या किंचित फुगवट्याचा चक्क आराखडा सापडलाय. तुर्कस्तानातल्या दिदिमाच्या अपोलो मंदिरात १९७९ साली अभ्यासक लोथार हासेलबर्गर यांना आतल्या भिंतींवर कोरलेल्या बारीक रेषा दिसल्या. मंदिर अपुरं राहिलं, भिंतींवर शेवटची घासणी झालीच नाही, म्हणून त्या वाचल्या. त्यात खांबाची जाडी खऱ्या मापाची, पण उंची सोळापट आखडलेली: सोळा अंगुळांच्या एका फुटाला एक अंगुळ. अशा आखडलेल्या चित्रात फुगवटा म्हणजे वर्तुळाचा साधा कंस. कारागीर खांबाच्या प्रत्येक दगडी थराची जाडी थेट भिंतीवरून मोजून घेई.

हे का करत, यावर मात्र वाद आहे. सरळ खांब मधे बारीक भासतो, हे जुनं उत्तर. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचा चौथराही असाच मधे किंचित फुगवलेला आहे; त्यावरून पावसाचं पाणी ओघळतं हे खरं, पण तेवढ्यासाठी इतका खटाटोप मला पटत नाही.