शेजाऱ्याचं पत्र आलंय, मधल्या भिंतीवर बांधकाम आणि आमच्याकडे परांची. सही करावी का?

अंगणवाली: कोपरखैरणेला रो हाऊस आहे आमचं. बाजूच्या काकांनी काल पत्र आणून दिलं: "आपल्या सामाईक भिंतीवरून वरच्या मजल्याची भिंत घेत आहोत, त्यासाठी आपल्या मागच्या अंगणात काही दिवस परांची बांधावी लागेल, तरी हरकत नसल्याची सही करावी." अंगणातली मधली भिंत साडेचार इंची, पाच फूट उंच. काका चांगले आहेत हो, नाही म्हणवत नाही. काय करू?

मोकळा_माणूस: करा सही. उद्या तुम्हाला वर बांधायचं असेल तेव्हा त्यांच्याच दारात जाणार ना? शेजाऱ्याशी कागदपत्रं करत बसलं की बोलणं बंद होतं, मग नुसती गाडी लावण्यावरून भांडणं.

जुना_सुपरवायझर: थांबा, एकाच पत्रात दोन वेगळी कामं आहेत. परांची तीन आठवड्यांनी निघते, भिंत निघत नाही. 1882 चा ईझमेंट्स ॲक्ट आहे, त्यात कलम 60 बघा. आपण दिलेली परवानगी एरवी मागे घेता येते, पण समोरच्याने तिच्या भरवशावर पक्कं बांधकाम केलं आणि पैसे घातले तर मग नाही. म्हणजे दोन ओळींच्या पत्रावरची सही परांचीपुरती चालेल, भिंतीसाठी ती कायमची धरा.

आणि भिंतीचं म्हणाल तर ती कुंपणाची आहे, वजन घ्यायला बांधलेली नाही. त्यावर येणारी नवी भिंत साडेचार इंची, दहा फूट उंच, दोन्हीकडून प्लास्टर धरली, म्हणजे लांबीच्या दर फुटाला सव्वादोनशे-अडीचशे किलो तरी वर बसणार. पाया बहुतेक उथळच असणार, एखाद ठिकाणी खणून बघा. लगेच पडत नाही अशी भिंत, आधी पाया दबतो आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरकी चीर चढत जाते.

मोकळा_माणूस: मग काय गरिबाने बांधूच नये?

जुना_सुपरवायझर: बांधावं की, आपल्या हद्दीत. स्वतःच्या बाजूला कॉलम उभे करा, खाली प्लिंथ बीम घ्या, भिंत त्यावर, मधल्या भिंतीला हात न लावता. फक्त खोली नऊएक इंच बारीक होते, आणि खरं कारण ते नऊ इंचच असतात. त्यासाठी शेजाऱ्याची भिंत लागते. नवा पाया जुन्यापेक्षा खोल जाणार असेल तर सलग खणू देऊ नका, तुकड्या-तुकड्यानं, नाहीतर तुमची भिंत कामाच्या आधीच झुकेल.

लंडनचा_मामा: भाचा तिकडे आहे, त्याला अशीच नोटीस आली होती. पार्टी वॉल ॲक्ट 1996, सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. आपल्याकडेही तोच नियम लागू, ताई त्यांना नोटीस मागा.

जुना_सुपरवायझर: मामा, तो इंग्लंड-वेल्सचा कायदा. इथे तसा वेगळा कायदा नाही, म्हणून तर सगळं तुमच्या कागदावर येतं. महापालिकेची परवानगी वेगळी, ती काकांनी काढायची. सिडकोची लीज जमीन असेल तर तिच्याही अटी बघा. पण मंजूर नकाशात ती भिंत कुठल्या हद्दीत दाखवलीय ते मागून बघाच.

परांचीपीडित_ठाणे: भिंतीचं मला नाही कळत, परांचीचं सांगते. आमच्या बाजूच्यांनी आठ दिवस म्हणून बांबू टेकवले, ते दीड महिना राहिले. बांबू अडकवायला आमच्या भिंतीत भोकं पाडली, नुसतं सिमेंट चोपडून गेले, जुलैत आतून ओल. शिवाय कालवलेल्या मालाचं पाणी अंगणातल्या जाळीत गेलं, चेंबर तुंबलं. कुणाला बोलणार, फोटोच नव्हते.

नेरुळकर: सोसायटीची एनओसी घेतली का? कमिटीला अर्ज करा.

अंगणवाली: फ्लॅट नाहीये हो, रो हाऊस.

जुना_सुपरवायझर: ठाण्याच्या ताईंनी सांगितलं तेच पत्रात लिहून घ्या. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पावसाच्या आधी संपणारी. बांबू जमिनीवर उभे, तुमच्या भिंतीत भोक नाही. जाळीवर गोणपाट, अंगणाच्या बाजूने नेट. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून मोबाईलवर भिंतीचे, लादीचे फोटो. आणि थोडं डिपॉझिट.

मोकळा_माणूस: डिपॉझिट? काकांकडून? लाज वाटेल मला तर.

परांचीपीडित_ठाणे: मला चेंबर साफ करायला माणूस बोलवताना लाज नाही वाटली, पैसे गेले ते वाटले.

अंगणवाली: डिपॉझिट मागायचं धाडस नाही माझं. पण परांचीचं वेगळं पत्र लिहिलं, 15 मे शेवटची तारीख टाकली, आणि भिंतीच्या जागी "आपल्या हद्दीत कॉलम घेऊन बांधल्यास हरकत नाही" असं. काकांनी वाचलं, चहा घेतला आणि म्हणाले इंजिनियरला विचारतो, नऊ इंच म्हणजे बेड बसणार नाही. अजून परत आले नाहीत.