ड्रॉप शोल्डर आणि दोन साइज मोठी हुडी

“दोन साइज मोठी हुडी घेतली की ड्रॉप शोल्डर आपोआपच मिळतो.”

ड्रॉप शोल्डर म्हणजे बाहीची शिवण खांद्याच्या टोकाऐवजी दंडावर येणारा कट. मोठ्या हुडीतही शिवण खांद्याखाली उतरते हे खरे, पण कापड कापण्याची पद्धत बदलत नाही. साध्या हुडीची साइज वाढते तेव्हा छातीबरोबर उंची आणि बाहीही वाढते, त्यामुळे बाही बोटांवर येते आणि खालची रिब मांड्यांपर्यंत लोंबते. मूळ ड्रॉप शोल्डरमध्ये खांदा साधारण दोन-तीन इंच बाहेर काढून बाही जवळजवळ तेवढीच आखूड करतात, मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेजवळची जागा, खाली नेतात आणि बाहीचा वरचा गोलवा बराच सपाट ठेवतात; म्हणून हात वर केला तरी हुडी फारशी ओढली जात नाही. हात खाली असताना काखेत चुण्या पडतात, तो मात्र या कटचा दोष नव्हे. दंडावर, शिवणीच्या लगेच खाली, फुगा दिसला तर साधाच कट खाली सरकला आहे असे समजावे. आत शर्ट घालायचा असेल तर खोल मुंढाच उपयोगी पडतो. जीन्सच्या स्टॅकिंगचेही, म्हणजे बुटावर कापडाच्या घड्या साचवण्याचेही, असेच आहे: नुसती लांबी पुरत नाही, तळाचा घेर बुटावर अडकेल इतका अरुंद लागतो, नाहीतर बॅगी जीन्स टाचेखाली घासून फाटते.