बूट परत केले, ३४६ रुपये गेले कुठे?

रंकाळाकाठ
मंडळी, एका ऑनलाइन दुकानातून बूट १,८००, कुर्ता १,२०० आणि चादर १,००० अशी ४,०००ची ऑर्डर केली. ३,५००च्या वर ४०० सूट देणारं कुपन लावलं, जुने २०० पॉइंट वापरले, खात्यातून ३,४०० गेले. ५ टक्के कॅशबॅक म्हणून १७० वॉलेटला आले, त्यात मोबाइल रिचार्ज मारला. बूट घट्ट झाले म्हणून परत केले, तर जमा झाले १,४५३.५०. ही लूट नाही तर काय?

पायताणवाला
कोल्हापुरात राहून ऑनलाइन पायताण मागवलंस, पहिली चूक तिथंच! माझ्या भाच्याला महाद्वार रोडला दुकानदार पैसे परत देईना, बदलून घ्या म्हणाला. मग पावतीच्या मागं छापलेला तोच नियम दाखवला.

रंकाळाकाठ
अहो बूट आहेत ते, पायताण नव्हे. आणि इथं पैसे परत आलेत, कमी आलेत एवढंच.

हिशेबीमाणूस
लूट नाही. कुपनची सूट तिन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. ४,०००वर ४०० म्हणजे दहा टक्के, म्हणून बुटांच्या वाट्याला १८०. पॉइंटांचंही तसंच, बुटांच्या वाट्याला ९०. म्हणजे बुटांसाठी खात्यातून गेले १,५३० आणि परत यायचे तेवढेच. त्यावर मिळालेला पाच टक्के कॅशबॅक होतो ७६.५०. वॉलेटमध्ये शिल्लक असती तर तिथूनच कापला असता. तुम्ही रिचार्ज मारून मोकळे झालात, म्हणून रिफंडातून कापला. १,४५३.५० बरोबर आहे. ९० पॉइंट वेगळे परत आलेत का, तेवढं बघा.

सुलभाताई_राजारामपुरी
हिशेब बरोबर असेल हो, पण कॅशबॅक एकदा हातात पडला की तो आपला. दिलेलं परत काढून घेणं कुठल्या रीतीत बसतं?

हिशेबीमाणूस
ताई, तो खरेदीवर मिळाला होता. खरेदीच मोडली तर तो राहील कसा? काही ठिकाणी याच भानगडीमुळे परतीची मुदत संपेपर्यंत कॅशबॅक सोडतच नाहीत. ते मला जास्त सरळ वाटतं.

सुलभाताई_राजारामपुरी
मग सगळ्यांनी तसंच करावं की! आधी द्यायचं, माणूस खर्च करतो, मग मागं लागायचं. उधारी वसूल केल्यासारखं.

नाद_करायचा_नाय
मी तर म्हणतो यात तोटाच नाही. कुपन काय, पॉइंट काय, खिशातून थोडेच गेले होते?

हिशेबीमाणूस
अर्धं खरं. रिफंडाचा आकडा बघू नका, ठेवलेल्या वस्तू केवढ्याला पडल्या ते बघा. यांच्याकडं कुर्ता आणि चादर राहिली, किंमत २,२००. खात्यातून कायमचे गेले १,९४६.५०, पॉइंट खपले ११०, आणि रिचार्जला वापरलेले १७० वजा करायचे. पडलं १,८८६.५०. म्हणजे उरलेल्या मालावर कुपनची सूट टिकली आणि कॅशबॅकही टिकला. तोटा नाही. पण दुकानाची अट वेगळी असती तर असता.

कसबाबावड्याची_मेघा
हेच माझं झालं! परतीनंतर माल कुपनच्या मर्यादेखाली गेला म्हणून अख्खं कुपन काढून घेतलं. मी एक ड्रेस परत केला, तर ठेवलेल्या दोन्हींवरची सूटही गेली.

हिशेबीमाणूस
हो, तशी अट काही ठिकाणी असते. रंकाळाकाठ, तुमचा उरलेला माल २,२००चा, मर्यादा ३,५००ची. ती अट असती तर कुपनचे उरलेले २२०ही गेले असते. १,५३०च्या जागी १,३१०, आणि त्यातूनही कॅशबॅक कापला असता.

सुलभाताई_राजारामपुरी
आणि ती चादर? खरं सांगा, ३,५०० पुरे करायलाच घातली ना?

रंकाळाकाठ
हो. लागत नव्हती.

सुलभाताई_राजारामपुरी
मग तोटा नाही म्हणणाऱ्यांनी ही चादर पांघरावी. अट लागली असती तर परतीनंतर सूट जाणार आणि चादर गळ्यात. ही अट परतीचं बटण दाबायच्या आधी मोठ्या अक्षरात दिसली पाहिजे.

नाद_करायचा_नाय
लिहिलेलं असतंय की, आपण वाचत नाही.

कसबाबावड्याची_मेघा
कुठं लिहिलेलं असतं? कुपनच्या खाली बारक्या अक्षरात!

हिशेबीमाणूस
परतीच्या शेवटच्या पायरीवर बऱ्याचदा रिफंडाची रक्कम दाखवतात, ती फोटो काढून ठेवा. शिवाय ऑर्डरचं बिल उघडा. त्यात प्रत्येक वस्तूसमोर तिच्या वाट्याची सूट वजा केलेली असली, तर ती रक्कम आणि रिफंड ताडून बघा. फरक कापलेला कॅशबॅक आणि त्या वस्तूच्या वाट्याचे पॉइंट एवढाच निघाला तर ठीक. त्याहून जास्त निघाला तर अख्खं कुपन गेलंय असं समजा आणि विचारा. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर कार्डाचे पॉइंटही नंतर वजा होतात. माझे आधीच वापरून झाले होते, पॉइंटांची शिल्लक थेट वजा ३१२ दिसली.

रंकाळाकाठ
बिल बघितलं. बुटांसमोर १८० आहेत, ९० पॉइंटही आलेत. पण त्यांची मुदत जुनीच दिसतेय, परवा संपते.

सुलभाताई_राजारामपुरी
बघा! आता परवापर्यंत परत काहीतरी नको असलेलं घ्या.